पाहुणे आले की पेटणारा गॅस

विदर्भातल्या एका खेड्यात आम्ही आरोग्य शिबिरासाठी गेलो होतो. तपासणीच्या रांगेत पंचावन्न-साठीच्या एक मावशी होत्या. विहारापासून त्यांचं घर पन्नास पावलांवर, पण तेवढं चालून आल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि श्वास खाली बसेपर्यंत बोलल्या नाहीत. खोकला किती दिवसांचा, असं आम्ही विचारलं. "दोन-तीन हिवाळे झाले. पण मी कधी बिडी ओढली नाही, तंबाखूले हात लावला नाही. मले कायचा खोकला?" मग आम्ही विचारलं, "मावशी, घरी गॅस आहे ना?" त्यांनी सरळ सांगितलं, "आहे ना. पाहुणे आले का पेटवतो."

या महिन्याच्या पानावर आम्ही या एका वाक्याबद्दल लिहिणार आहोत. आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ घरांत आज सिलिंडर आहे आणि चूलही आहे. गॅसवर चहा होतो, चुलीवर भाकरी, डाळ आणि आंघोळीचं पाणी. घरात सिलिंडर आला म्हणजे धुराचा प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो. थोडाफार धूर राहिला तर थोडाफारच त्रास होईल, असंही आपल्याला वाटतं. ही दुसरी समजूत चुकीची आहे आणि ती का चुकीची आहे, हे कळलं तर पुढचं सगळं नीट कळेल.

धुरात नेमकं काय असतं

सरपण, गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या हे सगळं जळताना पूर्ण जळत नाही. चुलीत हवा कमी पडते, लाकूड ओलं असतं, जाळ मध्येच बसतो. जे अर्धवट जळतं तेच धूर होऊन बाहेर पडतं. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. त्याला रंग नाही, वास नाही.

रोजच्या स्वयंपाकात मात्र जास्त नुकसान करतात ते बारीक कण. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असलेल्या या कणांना पीएम २.५ म्हणतात. डोक्याच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर हा कण केसाच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढाही नाही. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, शिंकेतून किंवा बेडक्यातून बाहेर पडतात. हे बारीक कण मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथे दाह होतो, श्वासनलिका सुजतात, वर्षानुवर्षं सुजून त्या जाड आणि अरुंद होतात. याचा परिणाम फुप्फुसापुरता राहत नाही. रक्तवाहिन्यांवर होतो, म्हणून हृदयविकार आणि पक्षाघातही या धुराच्या खात्यात मोजले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची बालकं दोन लाख सदतीस हजारांहून जास्त होती.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. डोळ्यांत पाणी आणणारा धूर आणि फुप्फुसात उतरणारे कण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निखारे लाल झाले, धूर दिसेनासा झाला, तरी हवेत कण असतात. त्यामुळे "आता धूर नाही" हे डोळ्यांनी ठरवता येत नाही.

एका दिवसाचा हिशेब

हवेतले कण एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम, असे मोजतात. भारताच्या नियमानुसार बाहेरच्या हवेत वर्षाची सरासरी ४० च्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ ठेवली आहे. जिथे हवा फार खराब आहे अशा देशांसाठी तिने पायऱ्या आखून दिल्या आहेत आणि त्यातली पहिली पायरी ३५ आहे.

आता त्या मावशींसारख्या एका बाईचा दिवस घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून आम्ही घेतले आहेत, पण चुलीजवळच्या मोजमापांत असे आकडे नेहमी सापडतात. समजा, ती रोज तीन तास चुलीपुढे बसते आणि तेव्हा तिच्या नाकापुढच्या हवेत ६०० कण-मायक्रोग्रॅम आहेत. उरलेले एकवीस तास ती अंगणात, शेतात, घरात असते आणि तिथली हवा ४० ची आहे. तीन गुणिले ६०० म्हणजे १८००. एकवीस गुणिले ४० म्हणजे ८४०. बेरीज २६४०, तिला चोवीसने भागलं की दिवसाची सरासरी ११० येते.

घरी गॅस आला. सकाळचा स्वयंपाक गॅसवर गेला, संध्याकाळचा चुलीवर राहिला. चूल आता दीड तासच पेटते, म्हणजे निम्मी झाली. दीड गुणिले ६०० म्हणजे ९००, आणि साडेबावीस गुणिले ४० म्हणजेही ९००. बेरीज १८००, सरासरी ७५. चूल निम्म्यावर आली, पण सरासरी तिसऱ्या हिश्शानेच उतरली.

पुढचं पाऊल टाकू. सगळा स्वयंपाक गॅसवर, फक्त आंघोळीचं पाणी चुलीवर, तेही अर्धाच तास. सरासरी येते जवळपास ५२. म्हणजे स्वयंपाकाची एक काडीही न जाळता, केवळ पाणी तापवण्यामुळे सरासरी बारा अंकांनी वर राहिली. फोडणीचा थोडा धूर हिशेबाला सोडला, तर चूल पूर्ण विझल्यावर सरासरी ४० वर येते.

निम्मा धूर म्हणजे निम्मा आजार नव्हे

इथे खरी अडचण आहे. धूर ११० वरून ७५ वर आला तर आजाराचा धोकाही तेवढाच कमी होईल, असं आपल्याला वाटतं. जगभरच्या पाहण्या एकत्र मांडून संशोधकांनी धूर आणि धोका यांचा आलेख काढला आहे. तो सरळ रेषेचा नाही. खालच्या आकड्यांपाशी तो चढावासारखा उभा चढतो आणि वर गेल्यावर सपाट होत जातो.

वंदनेला नेसायच्या पांढऱ्या साडीचं उदाहरण घ्या. कोऱ्या साडीवर डाळीचा एक थेंब पडला तर तो लांबून दिसतो. दहा डाग पडलेल्या साडीवर अकरावा पडला तर कोणाच्या लक्षात येत नाही. उलट दिशेने पाहिलं तर दहातले पाच डाग धुऊन काढले तरी साडी डागाळलेलीच दिसते. ती नेसण्याजोगी होते शेवटचे दोन-तीन डाग गेल्यावर. धुराचंही असंच आहे. पहिला अर्धा धूर कमी करताना कष्ट आणि पैसा लागतो, पण तब्येतीला लाभ थोडा होतो. मोठा लाभ शेवटच्या अर्ध्यात आहे. म्हणून गॅस आणि चूल दोन्ही चालवणाऱ्या घरात सिलिंडरचा खर्च होतो आणि खोकला मात्र जात नाही. मग घरची माणसं म्हणतात, "गॅस घेऊन काय फरक पडला?"

धुराड्याच्या चुलीबद्दलही हेच सांगावं लागतं. ग्वाटेमाला देशाच्या डोंगराळ भागात ५३४ घरांत मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. निम्म्या घरांना धुराडं असलेली चांगली चूल दिली, बाकीच्यांकडे उघडा विस्तव राहिला. बाळांच्या श्वासात जाणारा धूर सुमारे निम्म्यावर आला. गंभीर न्यूमोनिया घटला, पण एकूण न्यूमोनियातली घट ठाम म्हणता येईल एवढी दिसली नाही. धुराड्याची चूल उघड्या चुलीपेक्षा बरीच, यात शंका नाही. पण धुराडं धूर गल्लीत सोडतं, काजळीने भरलं की तो परत घरात येतो, आणि दर पंधरवड्याला साफ करायचं राहून गेलं की महिन्या-दोन महिन्यांत चूल पूर्वीसारखीच होते.

गॅस फुकट मिळाला तरी

मग चूल पूर्ण सोडली तर सगळं ठीक होतं का? हे तपासायला भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३२०० गरोदर बायांचा अभ्यास झाला. भारतातली गावं तामिळनाडूतली होती. निम्म्या घरांना शेगडी आणि अठरा महिने लागेल तेवढा गॅस फुकट घरपोच दिला. त्या घरांनी चूल जवळपास सोडलीच. बायांच्या श्वासातले कण सत्तरच्या आसपास होते, ते २४ वर आले. एवढं होऊनही बाळांच्या जन्माच्या वजनात आणि पहिल्या वर्षातल्या न्यूमोनियात ठळक फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २०२२ आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे आम्ही लपवत नाही, कारण आपल्या वाचकांना अर्धं सांगणं योग्य नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा होत नाही. गॅस गरोदरपणाच्या मध्यावर मिळाला होता, आईच्या फुप्फुसात त्याआधीची कित्येक वर्षं होती, आणि २४ हा आकडाही ५ च्या जवळपास पाचपट आहे. बाळाचं वजन तर आईचा आहार, रक्तातलं लोह, कामाचा भार यांवरही ठरतं. गॅस ही दीड वर्षात गुण देणारी गोळी नाही, एवढं यातून शिकायचं.

जास्त वर्षं पाहिल्यावर काय दिसतं, ते दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या खेड्यांत कळलं. तिथे सुमारे हजार माणसांच्या फुप्फुसाची ताकद २००२ ते २०११ अशी नऊ वर्षं मोजली. ज्यांनी लाकूड सोडून बायोगॅस घेतला आणि स्वयंपाकघरात हवा खेळती केली, त्यांच्या फुप्फुसाची झीज इतरांपेक्षा मंद झाली. सगळ्यात चांगला परिणाम दोन्ही गोष्टी करणाऱ्यांत दिसला. वय वाढेल तशी फुप्फुसाची ताकद सगळ्यांचीच कमी होते. धूर तो उतार तीव्र करतो आणि धूर थांबला की उतार पुन्हा सौम्य होतो. गेलेली ताकद मात्र परत येत नाही. म्हणून साठीतल्या मावशींपेक्षा पंचविशीतल्या सुनेसाठी चूल विझवणं जास्त मोलाचं आहे.

त्या मावशींना काय झालं असावं

बिडी न ओढणाऱ्या बाईला महिनोन्‌महिने खोकला आणि धाप असेल तर घरचे म्हणतात वय झालं, कोणी म्हणतं रक्त कमी आहे, कोणी खोकल्याची बाटली आणून देतं. खरा आजार पुष्कळदा सीओपीडी असतो, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणं. हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा मानला जातो, त्यामुळे बायांच्या बाबतीत तो डॉक्टरांच्याही चटकन मनात येत नाही.

ओळखायच्या खुणा साध्या आहेत. वर्षातून तीन महिने बेडक्यासह खोकला आणि असं लागोपाठ दोन वर्षं. बरोबरीच्या बायांसोबत सपाट रस्त्यावर चालताना मागे पडणं किंवा मध्ये थांबावं लागणं. दमा येतो-जातो, मधल्या काळात माणूस बरा असतो. सीओपीडीची धाप हळूहळू वाढत जाते आणि पूर्ण जात नाही. खात्री स्पायरोमेट्री या तपासणीने होते. नळीत जोरात फुंकायचं असतं. छातीतली एकूण जेवढी हवा फुंकली, त्यातली पहिल्या सेकंदात किती आली हे यंत्र मोजतं. श्वासनलिका उघडणारं औषध दिल्यावरही हे प्रमाण ७० टक्क्यांखाली असेल तर नळ्या अरुंद झाल्या आहेत. नुसत्या छातीच्या एक्स-रेवर हा आजार सुरुवातीला दिसत नाही, म्हणून "फोटो चांगला आहे" म्हणून थांबू नका. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणी आधी करून घ्यायची.

डॉक्टरांना आपण होऊन सांगा, "मी इतकी वर्षं चुलीवर स्वयंपाक केला आहे." हा प्रश्न विचारला जात नाही, म्हणून उत्तर आपणच द्यायचं. इनहेलरने धाप कमी होते. पण इनहेलर घेऊन पुन्हा चुलीपुढे बसलं तर झीज चालूच राहते.

पुस्तिका काढा आणि मोजा

आपल्या घरात चूल किती चालते, हे सांगायला यंत्र लागत नाही. गॅसची पुस्तिका पुरे. पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर झाला तर दिवसाला साधारण साडेतीनशे ग्रॅम गॅस लागतो. सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो, म्हणजे तो चाळीस दिवस जातो आणि वर्षाला नऊ सिलिंडर लागतात. तुमचा सिलिंडर चार महिने पुरत असेल, तर ती काटकसर नाही. घरातला दोन तृतीयांश स्वयंपाक चुलीवर होतो आहे, असा त्याचा अर्थ.

मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी बायांच्या नावाने जोडण्या झाल्या. पण सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०१९-२० मध्ये या घरांनी वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर भरले आणि २०२३-२४ मध्ये चारच्या जवळ. जोडणी पोचली, चूल मात्र विझली नाही. कारणं आपल्याला ठाऊक आहेत. मजुरी रोजची, सिलिंडरचे पैसे एकरकमी. सरपण फुकट, कारण ते वेचायला गेलेल्या बाईचा दिवस कोणी मोजत नाही. सिलिंडर कधी भरायचा हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा चुलीपुढे बसत नाही.

जे करता येईल ते करताना क्रम ध्यानात ठेवा. सिलिंडरच्या एकरकमी पैशांची अडचण असेल तर वितरकाकडे पाच किलोच्या सिलिंडरची चौकशी करा. उज्ज्वलाच्या जोडणीवर तो मिळतो. डाळ आणि हरभरे आदल्या रात्री भिजवा, कुकर वापरा, झाकण ठेवा, म्हणजे सिलिंडर काही दिवस जास्त जातो. भाकरीसाठी चूल हवीच, असं अनेक घरांत म्हणतात. लोखंडी तवा चांगला तापू द्या, भाकरी तव्यावर एका बाजूने शेकली की जाळीवर उलटा. ती फुगते. आंघोळीचं पाणी चुलीवरच तापवायचं असेल तर बंब किंवा चूल दारापासून आणि खिडकीपासून लांब, वाऱ्याच्या पुढच्या बाजूला मांडा, म्हणजे धूर घरात येणार नाही. चूल पेटलेली असताना तान्हं बाळ कडेवर किंवा झोळीत जवळ ठेवू नका. जावेकडे, सासूकडे द्या. गरोदर सुनेला तेवढे महिने चुलीपुढून उठवा. गॅस चालू असतानाही खिडकी उघडी ठेवा.

शेवटचा हिशेब एका घराच्या हातातला नाही. आपल्या उदाहरणातल्या बाईने चूल पूर्ण विझवली तरी तिची सरासरी ४० वर थांबली. ते ४० आले कुठून? बरेचसे शेजारच्या चुलींतून. दाट वस्तीत घराला घर लागून असतं आणि संध्याकाळी सगळ्या चुली एकदम पेटतात. समजा वस्तीतल्या बहुतेक चुली विझल्या आणि भोवतालची हवा २० वर आली, तर सगळ्यांचीच सरासरी २० होते. हे कोणा एकीला एकटीने जमणारं नाही.

म्हणून महिला मंडळांनी पुढच्या बैठकीला प्रत्येकीने गॅसची पुस्तिका घेऊन यावं, असं आम्ही सुचवतो. गेल्या बारा महिन्यांत कोणाच्या घरी किती सिलिंडर आले, एका वहीत लिहा. ज्या घरी तीन-चारच आले तिथे कोण खोकतं, बाळ किती महिन्यांचं आहे, अडचण पैशाची आहे की सिलिंडर आणण्याची, तेही शेजारी लिहा. त्या मावशींच्या घरी आम्ही पुस्तिका पाहिली. वर्षात दोन नोंदी होत्या. त्यांची सून तेव्हा आत चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ फुंकत होती. सातवा महिना होता तिचा.